एक टीएमसी म्हणजे नक्की किती? धरणाचा आकडा स्लाइडवर कसा मांडावा

पावसाळ्यात धरणांचे आकडे रोज कानावर पडतात. कोयनेत इतके टीएमसी, उजनीत इतके टक्के, विसर्ग इतके हजार क्युसेक. पाणी वापर संस्थेची बैठक असो, ग्रामसभा असो की शाळेतला कार्यक्रम, हेच आकडे स्लाइडवर जसेच्या तसे चढवले जातात आणि समोरचे लोक माना डोलावतात. मग कोणाला तरी विचारा, "एक टीएमसी पाण्यात आपल्या गावाचे किती दिवस निघतील?" उत्तरे एका आठवड्यापासून शंभर वर्षांपर्यंत येतील. आकडा सगळ्यांनी ऐकलेला असतो, पण तो कशाशी ताडून पाहायचा हे कोणीच दाखवलेले नसते.

या लेखात कोयनेचा १०५.२५ टीएमसी हा एकच आकडा घेऊन तो सुरुवातीपासून स्लाइडपर्यंत नेला आहे. पाण्याऐवजी तुमचा आकडा धान्याचा किंवा विजेचा असला तरी क्रम हाच ठेवता येईल, मापे मात्र त्या विषयातली शोधावी लागतील.

पायरी १: आकडा कशाचा आहे ते आधी पक्के करा

तुलना फसते ती बहुतेकदा चुकीचा आकडा उचलल्यामुळे. धरणाच्या पाण्याचे किमान तीन वेगळे आकडे असतात. एकूण साठवण क्षमता हा पहिला. दरवाजे आणि कालव्यांच्या तोंडांतून नेहमीच्या पद्धतीने बाहेर काढता येते ते पाणी म्हणजे उपयुक्त साठा. त्या पातळीच्या खाली उरते तो मृत साठा.

कोयनेत १०५.२५ पैकी सुमारे १०० टीएमसी उपयुक्त आणि सुमारे ५ टीएमसी मृत आहे, त्यामुळे कोणताही आकडा घेतला तरी चित्र फारसे बदलत नाही. उजनीत मात्र ते पार बदलते. तिथे एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी आणि त्यातला सुमारे ६३.७ टीएमसी मृत साठा. म्हणून "उजनी शून्य टक्के" अशी बातमी येते त्या दिवशीही धरणात ६० टीएमसीहून जास्त पाणी असते, आणि उन्हाळ्यात टक्केवारी "वजा"मध्ये जाते. टक्केवारी उपयुक्त साठ्याची आणि तुलना एकूण क्षमतेशी, अशी सरमिसळ स्लाइडवर झाली की जाणकार माणूस पहिल्याच मिनिटाला हात वर करतो आणि पुढचे सगळे वाया जाते.

दुसरा फरक साठा आणि प्रवाह यांचा. टीएमसी हे साठ्याचे माप आहे, एका क्षणी किती पाणी आहे ते सांगणारे. क्युसेक हे प्रवाहाचे माप, दर सेकंदाला किती घनफूट पाणी जाते ते सांगणारे. वर्षभरात किती पाणी गेले हे पुन्हा टीएमसीतच सांगतात आणि घोळ तिथेच होतो. पहिल्या कृष्णा पाणी तंटा लवादाने कोयनेचे पश्चिमेकडे, म्हणजे वीजनिर्मितीसाठी, वळवायचे पाणी वर्षाला ६७.५ टीएमसी ठरवले. हा वर्षाचा आकडा १०५.२५ च्या शेजारी ठेवून "धरणातले ६४ टक्के पाणी वीजनिर्मितीला जाते" असे लिहिले तर भागाकार बरोबर आणि विधान चूक. धरण पावसाळ्यात भरत असताना खालून पाणी सोडलेही जाते. वर्षभरात आलेले एकूण पाणी आणि धरणात एका वेळी मावणारे पाणी ही दोन वेगळी मापे आहेत. वर्षाच्या वापराची तुलना वर्षाच्या आवकेशीच करा.

स्लाइड सुरू करण्यापूर्वी कागदावर एक ओळ लिहा: "हा आकडा (एकूण / उपयुक्त / वर्षभराचा / दर सेकंदाचा) आहे आणि श्रोत्यांना त्यावरून (अमुक) ठरवायचे आहे." दुसरा कंस रिकामा राहिला तर तुलना शोधू नका. कोणासाठी आणि कशासाठी हे ठरल्याशिवाय योग्य माप निवडता येत नाही.

पायरी २: लिटरपर्यंत या, आणि दोन वाटांनी या

टीएमसी म्हणजे थाउजंड मिलियन क्युबिक फीट, मराठीत अब्ज घनफूट. हजार मिलियन म्हणजे शंभर कोटी. एक घनफूट म्हणजे २८.३१७ लिटर. म्हणजे एक टीएमसी = २,८३१.७ कोटी लिटर.

सर्वाधिक चुका इथेच होतात, आणि होतात त्या बहुधा एका शून्याच्या. "मिलियन" म्हणजे दहा लाख, पण घाईत ते एक लाख धरले जाते. "बिलियन" म्हणजे शंभर कोटी, ते दहा कोटी लिहिले जाते. इंग्रजी अहवालातून आकडा उचलत असाल तर आधी तो शून्यांसकट पूर्ण लिहा, मग उजवीकडून तीन अंकांनंतर आणि पुढे दोन-दोन अंकांनंतर स्वल्पविराम द्या, आणि मगच लाख-कोटीत वाचा.

दुसरी वाट दलघमीची, म्हणजे दशलक्ष घनमीटरची. पाटबंधारे खात्याच्या तक्त्यांत हेच एकक असते. एक टीएमसी म्हणजे २८.३१७ दलघमी. एक घनमीटर म्हणजे हजार लिटर, गच्चीवरची हजार लिटरची एक टाकी. २८.३१७ दलघमी म्हणजे २ कोटी ८३ लाख टाक्या, गुणिले हजार, म्हणजे पुन्हा २,८३१.७ कोटी लिटर. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी आल्या तर पुढे जा.

दलघमी आणि टीएमसी यांची अदलाबदल झाली तर आकडा २८ पटीने फुगतो किंवा आक्रसतो. ओळखायची खूण सोपी आहे. राज्यातल्या मोठ्यात मोठ्या धरणांची क्षमता शंभर-सव्वाशे टीएमसीच्या आसपास थांबते. तुमच्या तक्त्यात एखाद्या धरणापुढे "२,९८०" असे दिसले तर ते दलघमी आहेत. कोयनेचे १०५.२५ टीएमसी म्हणजे सुमारे २,९८० दलघमीच होतात.

एक्सेलमध्ये ही आकडेमोड एकदा नीट मांडून ठेवली की प्रत्येक धरणासाठी वापरता येते. `A2` मध्ये टीएमसी, `C2` मध्ये माणशी रोजचे लिटर:

```
B2: =A2*28316846592
D2: =B2/(C2*365)
```

`B2` मध्ये लिटर येतील आणि `D2` मध्ये तेवढ्या पाण्यावर वर्षभर भागेल इतकी माणसे.

पायरी ३: माप निवडा

लेखातला कस लागणारा भाग हा आहे. चांगल्या मापाला तीन गोष्टी लागतात. श्रोत्याने ते स्वतः हाताळलेले किंवा पायांनी चाललेले असावे. ते ज्याला त्याला वेगवेगळे वाटू नये. आणि आकड्याला त्या मापाने भागल्यावर उत्तर पुन्हा डोळे फिरवणारे येऊ नये.

टँकर पहिल्या दोन कसोट्यांवर उतरतो आणि तिसऱ्यावर आपटतो. दुष्काळी तालुक्यात दहा हजार लिटरचा टँकर माहीत नाही असा माणूस नाही. पण एक टीएमसी म्हणजे २८ लाख ३२ हजार टँकर. कोटी लिटर समजत नव्हते, आता लाख टँकर समजत नाहीत. मग सादरकर्ते ते टँकर रस्त्यावर एकामागे एक उभे करतात. प्रत्येकी दहा मीटर धरले तर रांग २८,३०० किलोमीटरची होते, पृथ्वीच्या परिघाच्या सात दशांश. पृथ्वीचा परीघ कोणी चाललेला नाही, आणि लांबीचा पाण्याशी संबंधही तुटला. ऐकणाऱ्याला "खूप" एवढेच कळते, आणि ते त्याला आधीही माहीत होते.

म्हणून मोठ्या मापावर एकदम उडी घेण्याऐवजी जवळच्या मापापासून चढत जा. शेतकऱ्यांसाठी ही वाट गुंठ्यापासून सुरू होते.

एक गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. त्याला चारही बाजूंनी बांध घातला आणि आत एक फूट पाणी उभे केले, तर ते १,०८९ घनफूट होते. लिटरमध्ये ३०,८३७, म्हणजे दहा हजार लिटरचे तीन टँकर. हे चित्र शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर लगेच उभे राहते, कारण गुंठा त्याच्या पायाखालचा आहे आणि टँकर दारात येऊन गेलेला आहे. चाळीस गुंठ्यांचा एकर, म्हणजे एकरभर फूटभर पाण्याला सव्वाशेच्या जवळपास टँकर. आता एक टीएमसीला एकराने भागा: सुमारे २३ हजार एकरांवर एक फूट पाणी. तालुक्यातली लागवडीखालची जमीन किती हे बैठकीतल्या पाच-दहा लोकांना तरी माहीत असते. ते आपसूक ताडून पाहतात.

इथे एक सावधगिरी हवी. "२३ हजार एकरांवर एक फूट पाणी" याचा अर्थ "२३ हजार एकर भिजले" असा होत नाही. पिकाला अनेक पाळ्या लागतात, कालव्यात पाझर होतो, बाष्पीभवन होते. स्लाइडवर "उभे केले तर" असेच शब्द ठेवा. "सिंचन होईल" हा शब्द या आकड्याजवळ येऊ देऊ नका.

शेततळे हे मधल्या उंचीचे चांगले माप आहे. ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल असे शेततळे बऱ्याच जणांनी खोदून घेतलेले असते. त्यात पाणी किती मावते? ३० गुणिले ३० गुणिले ३, म्हणजे २,७०० घनमीटर, असा हिशेब सर्रास केला जातो आणि तो चुकतो. शेततळ्याच्या बाजू उभ्या नसतात. एकास एक उतार धरला तर तळ २४ बाय २४ मीटरचा उरतो आणि पाणी २,१९६ घनमीटर भरते, जवळपास २२ लाख लिटर. उतार विसरला तर उत्तर २३ टक्क्यांनी फुगते, आणि समोर शेततळे खोदणारा कंत्राटदार बसलेला असेल तर तो ते बोलून दाखवेल.

एक टीएमसीत अशी सुमारे १२,९०० शेततळी भरतात. हा आकडाही मोठाच, पण तो दोन ओळखीच्या आकड्यांत फोडता येतो: शंभर गावांचा तालुका, प्रत्येक गावात १२९ शेततळी. "आपल्या गावात आज किती आहेत?" हा प्रश्न विचारून थांबा. उत्तर लोकच देतात आणि १२९ ला अर्थ येतो. मोठे उत्तर टाळता येत नसेल तेव्हा ते असे दोन गुणकांत फोडणे हा सगळ्यात भरवशाचा उपाय आहे. दोन्ही गुणक मात्र श्रोत्यांच्या ओळखीचे असले पाहिजेत.

शहरी श्रोत्यांना गुंठा आणि शेततळे परके. तिथे माप माणसांचे घ्या. शहरी पाणीपुरवठ्यासाठी माणशी रोज १३५ लिटर हा सर्वसाधारण निकष आहे. त्या हिशेबाने एका माणसाला वर्षाला ४९,२७५ लिटर लागतात आणि एक टीएमसी ५ लाख ७४ हजार माणसांना वर्षभर पुरते. २०११ च्या जनगणनेत कोल्हापूर शहराची लोकसंख्या ५,४९,२३६ होती. म्हणजे "एक टीएमसी = २०११ चे कोल्हापूर शहर, एक वर्ष", आणि थोडे उरते. असे एकास एक जुळणारे माप क्वचित सापडते. सापडले तर सोडू नका. सोलापुरात बोलत असाल तर कोल्हापूर आणू नका. तिथे २०११ ची लोकसंख्या ९,५१,५५८ होती, म्हणून "सोलापूर शहराचे एक वर्ष = सुमारे १.६६ टीएमसी" असे उलटे मांडा.

ग्रामीण भागात जलजीवन मिशनचा निकष माणशी ५५ लिटरचा आहे. तो धरला तर तेच एक टीएमसी १४ लाख लोकांना पुरते. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत, पण त्यांत अडीचपट फरक आहे. म्हणून माणशी किती लिटर धरले हे त्याच स्लाइडवर लिहिलेले असले पाहिजे.

आणि कोयनेचे पूर्ण १०५.२५ टीएमसी? त्याला जिल्ह्याचे माप चालते. सातारा जिल्ह्याचे क्षेत्रफळ १०,४८० चौरस किलोमीटर. कोयनेचे २,९८० दलघमी पाणी जिल्हाभर सारखे पसरले तर २८.४ सेंटिमीटर भरते, सव्वाअकरा इंचांना जरासे कमी. वीत नऊ इंचांची धरली तर सव्वा वीत पाणी, महाबळेश्वरपासून माणपर्यंत, प्रत्येक शेतात आणि प्रत्येक अंगणात. पर्जन्यमापकाच्या भाषेत २८४ मिलिमीटर. साताऱ्यातल्या श्रोत्याला एवढे पुरते, कारण जिल्हा त्याने एसटीने या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलेला असतो. इथे "महाराष्ट्रभर पसरले तर" असे माप मोठे करू नका. राज्यभर पसरले तर ते एका सेंटिमीटरच्या आत येते आणि धरण अचानक क्षुल्लक वाटू लागते. फार मोठ्या मापाने भागणे हे फार छोट्या मापाने भागण्याइतकेच दिशाभूल करणारे आहे.

पायरी ४: स्लाइड बांधा

एका स्लाइडवर एकच तुलना. टँकर, शेततळी आणि शहर एकत्र आले की श्रोता त्यांचीच आपसात तुलना करू लागतो.

कोयनेसाठी चौकटींची स्लाइड उत्तम जमते, कारण १५ गुणिले ७ बरोबर १०५ होतात. एक चौकट म्हणजे एक टीएमसी. पॉवरपॉइंटच्या रुंद स्लाइडचा आकार ३३.८७ बाय १९.०५ सेंटिमीटर असतो. एक सेंटिमीटर बाजूचा चौरस काढा आणि `Ctrl+D` दाबा. नवा चौरस पहिल्याच्या शेजारी ०.२ सेंटिमीटर अंतर ठेवून बसवा. पुढे `Ctrl+D` दाबत गेलात की पॉवरपॉइंट तेच अंतर ठेवून पुढचे चौरस मांडतो. पंधरा झाले की पूर्ण ओळ निवडा आणि तीच युक्ती खालच्या दिशेने सहा वेळा करा. सगळी जाळी सुमारे १८ बाय ८.२ सेंटिमीटरची होते आणि उजवीकडे मजकुराला भरपूर जागा उरते. शेवटी पाव चौकट जोडा. ती विसरली तर कोणी विचारणार नाही, पण १०५.२५ लिहून १०५ काढणे बरे नाही.

सगळ्या चौकटी फिक्या निळ्या ठेवा आणि एकच गडद करा. शेजारी मोठ्या अक्षरांत: "ही एक चौकट = २०११ च्या कोल्हापूर शहराचे एका वर्षाचे पाणी." कोल्हापूर इथे फक्त मापासाठी घेतले आहे, त्याचा पाणीपुरवठा कोयनेतून होत नाही, हे तोंडी आधीच सांगा. नाहीतर "कोयनेचे पाणी कोल्हापूरला कधी आले?" या प्रश्नात दहा मिनिटे जातात.

चौकटींऐवजी लहान-मोठ्या हंड्यांची किंवा थेंबांची चित्रे वापरायचा मोह होतो. तो टाळा. दुप्पट पाणी दाखवायला हंडा दुप्पट उंच केला की चित्र आपोआप दुप्पट रुंदही होते, म्हणजे कागदावर चौपट जागा व्यापते. आणि हंडा ही घन वस्तू असल्याने डोळा त्याला आठपट समजतो. मोजपट्टी लावून तपासा: आकडा दुप्पट असेल तर चित्राची जागा दुप्पटच भरली पाहिजे. एकाच आकाराची वस्तू पुन्हा पुन्हा मांडली तर ही चूक होतच नाही.

मुख्य आकडा ६० पॉइंटच्या वर, तुलनेची ओळ ३२ च्या आसपास, आणि तळाशी १८ पॉइंटमध्ये हिशेबाची एक ओळ: "१ टीएमसी = २,८३२ कोटी लि.; माणशी १३५ लि./दिवस; लोकसंख्या जनगणना २०११; गळती धरलेली नाही." तळाची ही ओळ कोणी वाचत नाही असे वाटते. पण ज्याला शंका असते तो तीच वाचतो, आणि सभागृहाचा विश्वास बऱ्याचदा त्याच्या हातात असतो.

आकडे लिहिताना एक शिस्त पाळा. मूळ आकडा जसा आहे तसा ठेवा, १०५.२५. तुलनेचा आकडा मात्र दोन किंवा तीन अर्थपूर्ण अंकांवर थांबवा: "सुमारे १२,९००", "१२,८९४.७" नव्हे. शेततळ्याचा उतार जागोजाग बदलतो, तेव्हा दशांशापर्यंतची अचूकता खोटी ठरते. स्लाइडवर मराठी अंक वापरत असाल तर आलेखातही तेच वापरा. एकाच स्लाइडवर दोन्ही लिप्यांचे अंक आले की वाचणाऱ्याची नजर अडखळते.

एक्सेलच्या आलेखात स्वल्पविराम लाख-कोटीच्या जागी यायला हवेत तर अंकांच्या सानुकूल स्वरूपात हे भरा:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

शंभर कोटींच्या पुढे या स्वरूपातला सगळ्यात डावीकडचा स्वल्पविराम गळतो. त्यामुळे एवढे मोठे आकडे आधी एक कोटीने भागून घ्या आणि अक्षावर "कोटी लिटर" लिहा. तसे करणे वाचायलाही सोपे जाते.

पायरी ५: विसर्गाची स्लाइड वेगळी ठेवा

क्युसेक समजावण्यासाठी टँकर पुन्हा कामाला येतो, कारण आता हिशेब एका सेकंदाचा आहे. ५० हजार क्युसेक विसर्ग म्हणजे दर सेकंदाला सुमारे १४ लाख लिटर, १४० टँकर. बोलताना "एक" म्हणा, थांबा, "१४० टँकर गेले" म्हणा. आकडा शंभरांत असल्यामुळे तो पेलतो.

साठा आणि प्रवाह जोडणारा पूल एकच लक्षात ठेवा: ११,५७४ क्युसेकचा प्रवाह चोवीस तास चालू राहिला की एक टीएमसी होते. शंभर कोटी घनफुटांना दिवसातल्या ८६,४०० सेकंदांनी भागले की हा आकडा मिळतो. ५० हजार क्युसेक म्हणजे दिवसाला ४.३२ टीएमसी. आपल्या जाळीवर दिवसाला चार चौकटी आणि थोडे. ही गोष्ट चौकटी पुसत जाणाऱ्या स्लाइडने फार छान दाखवता येते, पण वरून येणारी आवक चालू असेल तर धरण तेवढ्याने रिकामे होत नाही, हेही सांगा.

नदीकाठच्या गावांत मात्र टँकरची तुलना पुरेशी नाही. तिथल्या माणसाला पाणी आपल्या उंबऱ्याला लागणार का, एवढेच हवे असते. क्युसेकचे फूट साध्या गुणाकाराने होत नाहीत. नदीचे पात्र, उपनद्यांची आवक, खालच्या भागातला फुगवटा, सगळे त्यात येते. सांगलीत आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी आहे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर त्या ३९ आणि ४३ फूट आहेत. तिथल्या स्लाइडवर ही पातळीच मुख्य आकडा असू द्या आणि क्युसेक बारीक अक्षरांत. लोकांनी ती पट्टी पाहिलेली असते आणि कोणत्या फुटाला पाणी कोणत्या गल्लीत येते हे त्यांना तुमच्याहून चांगले ठाऊक असते.

पायरी ६: हरकती आधीच तपासा, मग माणसावर तपासा

शहर-वर्षाच्या तुलनेवर दोन हरकती हमखास येतात. पहिली लोकसंख्येची: २०११ नंतर शहर वाढले आहे. उत्तर सोपे आहे. वर्ष स्लाइडवर लिहिलेले आहे, आणि नवी जनगणना आली की एक्सेलमध्ये एक खण बदलायचा. दुसरी गळतीची, आणि ती जास्त गंभीर आहे. समजा वाटेत ३० टक्के पाणी गळते. कोल्हापूरच्या हिशेबात ०.९६ टीएमसी घरात पोचायला हवे, तर धरणातून ०.९६ भागिले ०.७, म्हणजे १.३७ टीएमसी सोडावे लागेल. लोक इथे ०.९६ मध्ये ३० टक्के मिळवतात आणि १.२५ काढतात. ते चूक आहे, कारण गळती सोडलेल्या पाण्याची असते, पोचलेल्या पाण्याची नाही.

अंकगणित बरोबर असूनही तुलना चुकीची ठरू शकते. उजनीच्या ६३.७ टीएमसी मृत साठ्याला सोलापूरच्या १.६६ ने भागले तर ३८ वर्षे येतात. ही स्लाइड कोणीही दाखवू नये. मृत साठ्यातला काही भाग गाळाने व्यापलेला असतो, दर उन्हाळ्यात बाष्पीभवन होते, आणि त्या पाण्यावर हक्क फक्त सोलापूर शहराचा नाही. तुलना ऐकून श्रोता जो निष्कर्ष काढेल तो मोठ्याने म्हणून पाहा. "म्हणजे सोलापूरला ३८ वर्षे चिंता नाही" हे वाक्य तुम्हाला मान्य नसेल, तर ती तुलना वगळा.

शेवटी, बैठकीच्या आदल्या दिवशी या विषयाशी संबंध नसलेल्या एका माणसाला ती स्लाइड दहा सेकंद दाखवा आणि बंद करा. दहा मिनिटे दुसऱ्या गप्पा मारा. मग विचारा, "धरणात किती पाणी होते?" त्याने "१०५ काहीतरी" म्हटले तर तुलना बसलेली नाही. "जिल्हाभर सव्वा वीत" किंवा "एका चौकटीत अख्खे शहर वर्षभर" म्हटले तर बसली आहे. मग पुढचा प्रश्न टाका: "आणि धरण निम्मे भरले असेल तर?" जो क्षणभर थांबून "पाच-साडेपाच इंच" म्हणतो, त्याच्या हातात माप आले आहे. तो अडला तर माप बदला, आकड्यांचा आकार वाढवू नका.